एका पानाचा पीएच.डी. सारांश ‘प्रश्न स्पष्ट नाही’ या शेऱ्यासह वारंवार परत येत असेल तर

सामाजिक शास्त्रांत पीएच.डी.साठी आराखडा सादर करताना बहुतेक ठिकाणी संपूर्ण आराखड्यासोबत एका पानाचा सारांश मागितला जातो आणि संशोधन समितीच्या बैठकीत अनेक सदस्यांच्या हाती प्रत्यक्षात तेवढे एकच पान असते. हे पान दोनदा, तीनदा परत आलेले विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. शेरे ठरलेले असतात: ‘संशोधन प्रश्न स्पष्ट नाही’, ‘व्याप्ती मर्यादित करावी’, ‘पद्धती तपशीलवार लिहावी’. विद्यार्थी हे शेरे वाचून भाषा सुधारतो, वाक्ये लहान करतो, अक्षरांचा आकार एका अंकाने कमी करून आणखी चार ओळी बसवतो आणि पान पुन्हा त्याच शेऱ्यासह परत येते. याचे कारण असे की दोष भाषेत नसतो. प्रश्न, पद्धती आणि व्यवहार्यता हे तीन भाग वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या नमुन्यांवरून लिहिलेले असतात आणि एकाच पानावर शेजारी आल्यावर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही हे वाचणाऱ्याला लगेच दिसते. दोष कुठे आहे हे कसे ओळखावे आणि तो कसा दुरुस्त करावा, हे एका प्रत्यक्ष पानाच्या आधारे येथे मांडत आहे. पान समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे आहे. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते घेतले आहे.

तिच्या पहिल्या पानाचे शीर्षक होते ‘महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम: एक समाजशास्त्रीय अभ्यास’. विषय तिच्या जवळचा होता. बीड जिल्ह्यातील ज्या भागात ती वाढली, तेथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायकोचा मिळून धरलेला एक कोयता, फडावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी थोरली मुलगी हे सारे तिने पाहिलेले होते. तरीही पानावर यातले काहीही नव्हते. पानाचा वरचा अर्धा भाग साखर उद्योगाचा इतिहास, शिक्षणाचा हक्क आणि स्थलांतराच्या व्याख्या यांनी भरलेला होता. त्याखाली सहा उद्दिष्टे होती, तीन गृहीतके होती, ‘३०० उत्तरदात्यांची यादृच्छिक पद्धतीने निवड करून प्रश्नावली व मुलाखत तंत्राचा वापर करण्यात येईल’ असे एक वाक्य होते आणि शेवटी ‘संशोधक सदर जिल्ह्यातील रहिवासी असल्याने संशोधन व्यवहार्य आहे’ असे दुसरे.

पहिली तपासणी: जागा कोणी खाल्ली आहे

ए-फोर आकाराच्या पानावर १२ अंकाच्या देवनागरी अक्षरांत, वाचता येईल इतके ओळींचे अंतर ठेवून, साधारण ३५० ते ४०० शब्द बसतात. आपले पान छापून घ्यावे आणि पेन्सिलीने पार्श्वभूमी, प्रश्न, पद्धती आणि व्यवहार्यता यांच्या जागेभोवती चौकटी आखाव्यात. वरील पानात पार्श्वभूमीने २१० शब्द घेतले होते, प्रश्न असा कुठेच नव्हता आणि पद्धतीला ४० शब्द मिळाले होते. ज्या समितीला पद्धती तपासायची आहे, तिला तपासायला काहीच दिलेले नव्हते. माझ्या मते ४०० शब्दांच्या पानात पार्श्वभूमीला ७० शब्द पुरतात. प्रश्नाला ६०, पद्धतीला १५०, व्यवहार्यतेला ९० आणि या अभ्यासातून नवे काय कळेल यासाठी उरलेले ३० शब्द द्यावेत. हे प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तर हरकत नाही, पण पार्श्वभूमी पद्धतीपेक्षा मोठी झाली की पान हमखास परत येते.

पार्श्वभूमी ७० शब्दांत बसवायची तर त्यात फक्त तेवढेच ठेवायचे, ज्यावाचून पुढचा प्रश्न कळणार नाही. ऊसतोडीचा इतिहास समितीला ठाऊक असतो. जे सांगायला हवे ते असे की कुटुंबे गेल्यावरही मुलांना गावातच राहून शाळेत जाता यावे यासाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात, ज्यात मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. आणि ही सोय असलेल्या गावांतूनही काही मुले आईवडिलांसोबत फडावर जातातच. ‘सोय आहे, तरी मुले जातात’ या एका विसंगतीतून प्रश्न जन्म घेतो. ती विसंगती पहिल्या पानावर नव्हती. चर्चेत मात्र तिने ती सहज बोलून दाखवली, आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत असेच होते.

दुसरी तपासणी: प्रश्नातले क्रियापद

पानावर जिथे प्रश्न आहे असे वाटते, त्या वाक्याखाली रेघ मारावी आणि त्याच्या शेवटी खरोखर प्रश्नचिन्ह देता येते का ते पाहावे. ‘शैक्षणिक स्थितीचा अभ्यास करणे’ याला प्रश्नचिन्ह देता येत नाही. ‘जाणून घेणे’, ‘शोध घेणे’, ‘उपाययोजना सुचवणे’ यांनाही देता येत नाही. उद्दिष्टे लिहिण्याची सक्ती असेल तर ती नंतर लिहावीत, आधी एक प्रश्न लिहावा.

त्यानंतर त्या प्रश्नातले क्रियापद पद्धतीशी ताडून पाहावे, कारण पद्धती खरे तर क्रियापदच ठरवते. ‘किती मुले शाळा सोडतात’ असे विचारले की सर्व मुलांची यादी आणि त्या यादीतून काढलेला प्रातिनिधिक नमुना लागतो. ‘स्थलांतराचा काय परिणाम होतो’ असे विचारले की स्थलांतर न करणारी, इतर बाबतींत तशाच परिस्थितीतली कुटुंबे तुलनेसाठी लागतात. ती नसतील तर मूल मागे पडले ते स्थलांतरामुळे की गरिबीमुळे, हे सांगता येत नाही. ‘निर्णय कसा होतो’ असे विचारले की ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याशी सविस्तर आणि शक्य तर एकाहून अधिक वेळा बोलावे लागते. तिच्या पानावर शीर्षकात ‘परिणाम’ होता आणि नमुन्यात फक्त स्थलांतर करणारी कुटुंबे होती. एवढ्या एका विसंगतीवरून समितीने शेरा मारला असता तरी तो योग्य ठरला असता. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि समाजकार्य या विषयांतील आराखड्यांत मला सर्वाधिक वेळा दिसणारा दोष हाच आहे. ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकात शोभून दिसतो म्हणून वापरला जातो, पण तो तुलनेचे ओझे घेऊन येतो आणि ते ओझे पद्धतीत कुठेच उचललेले नसते.

‘यादृच्छिक’ या शब्दाचेही तसेच आहे. यादृच्छिक निवडीसाठी ज्यांतून निवड करायची त्यांची पूर्ण यादी हातात असावी लागते. गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या सर्व कुटुंबांची यादी तिच्याजवळ नव्हती. मतदार यादीत कोण फडावर जाते हे लिहिलेले नसते. यादी नसेल तर तो शब्द काढून टाकावा आणि कुटुंबे कशी निवडणार हे सरळ सांगावे. हेतुपूर्वक निवड केली म्हणून संशोधन कमी दर्जाचे ठरत नाही. नसलेल्या यादीतून यादृच्छिक निवड करण्याचे आश्वासन दिले, तर मात्र पहिल्याच तोंडी प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

दोन आठवड्यांच्या चर्चेनंतर तिचा प्रश्न असा झाला: ‘ज्या गावांत हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तेथील ऊसतोड कुटुंबे कोणते मूल गावी ठेवायचे आणि कोणते सोबत न्यायचे हा निर्णय कोणाच्या म्हणण्यावरून, केव्हा आणि कोणत्या कारणांनी घेतात?’ यात महाराष्ट्र नाही, ‘शैक्षणिक स्थिती’ नाही, उपाययोजना नाहीत. गाव, कुटुंब, मूल आणि निर्णय या चार गोष्टी आहेत आणि त्या चारही क्षेत्रात जाऊन गाठता येतात.

तिसरी तपासणी: प्रश्नातले प्रत्येक नाम पद्धतीत सापडते का

आता प्रश्नातील नामांभोवती गोल करावेत आणि प्रत्येकासाठी पद्धतीच्या परिच्छेदात उत्तर शोधावे. कोणती गावे? कोणती कुटुंबे? ‘कोणाच्या म्हणण्यावरून’ हे कोणाला विचारून कळणार? ‘केव्हा’ हे कसे कळणार? ज्या नामाला उत्तर मिळत नाही तिथे पान फाटलेले आहे.

तिच्या दुसऱ्या मसुद्यात ही फाटलेली जागा एका अनपेक्षित ठिकाणी निघाली. तो मसुदा चांगला होता. तिने ३६ कुटुंबे घेतली होती: सर्व मुले गावी ठेवणारी १२, सर्व मुले सोबत नेणारी १२ आणि काही मुले ठेवून काही नेणारी १२. तिसरा गट ही तिची स्वतःची कल्पना होती आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पानाचे बळ त्यात होते, कारण एकाच घरातले एक मूल मागे राहते आणि दुसरे जाते तेव्हा जात, जमीन, गाव, उचलीची रक्कम हे सारे दोघांसाठी सारखेच असते आणि फरक मुलाच्या वयात, ते मुलगा आहे की मुलगी यात किंवा घरातल्या त्याच्या कामात शोधावा लागतो. प्रत्येक कुटुंबाची मुलाखत निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा घेण्याचे ठरले होते, कारण परतल्यानंतर माणसे झालेल्या गोष्टीला साजेसे कारण सांगतात आणि निघण्यापूर्वीचे म्हणणे हाती असेल तरच दोन्हींतला फरक दिसतो.

अडचण अशी की निघण्यापूर्वी निर्णय झालेलाच नसतो किंवा आपल्याला ठाऊक नसतो. मग कुटुंबांची तीन गटांत विभागणी सप्टेंबरमध्ये करायची कशावरून? ही चूक मसुदा चार वेळा वाचूनही आम्हा दोघांच्या लक्षात आली नव्हती. ‘केव्हा’ या शब्दाभोवती गोल करून त्याचे उत्तर शोधताना ती सापडली. उपायही कठीण नव्हता. गेल्या हंगामात कोणती मुले हंगामी वसतिगृहाच्या यादीत होती आणि हजेरीपटावर कोणत्या मुलांची हजेरी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत खंडित होती, हे शाळेत कळते. त्यामुळे गट गेल्या हंगामावरून पाडायचे आणि मुलाखती या हंगामाच्या निर्णयाविषयी घ्यायच्या असे ठरले. यातून एक जादा लाभ झाला: गेल्या वर्षी मुलाला सोबत नेणारे कुटुंब या वर्षी मागे ठेवत असेल तर तो बदलच अभ्यासाचा विषय होतो.

चौथी तपासणी: व्यवहार्यतेत आकडे आहेत का

‘संशोधक त्याच जिल्ह्यातील रहिवासी आहे’ हे विधान खरे असले तरी त्यातून काम वेळेत होईल हे सिद्ध होत नाही. व्यवहार्यता म्हणजे हिशेब, आणि तो पानावर दिसला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षांचा आहे. मुदतवाढीची तरतूद असली तरी तिच्यावर योजना उभी करू नये. म्हणजे क्षेत्रकार्याला मिळतात फार तर दोन हंगाम, आणि त्यांतला एक राखीव ठेवलेला बरा.

तिचा हिशेब असा मांडला. ३६ कुटुंबांच्या प्रत्येकी दोन मुलाखती म्हणजे ७२ मुलाखती. एक मुलाखत ४५ मिनिटांची धरली तर ५४ तासांचे ध्वनिमुद्रण होते. एक तासाचे बोलणे शब्दशः उतरवायला पाच तास लागतात असे धरले तर २७० तास लागतील आणि आठवड्याला १५ तास दिले तर हे काम १८ आठवड्यांत होईल. पहिल्या पानावरच्या ३०० उत्तरदात्यांच्या मुलाखती घ्यायच्या ठरवल्या असत्या तर एकाच फेरीत २२५ तासांचे ध्वनिमुद्रण झाले असते आणि त्याच गतीने ते उतरवायला ७५ आठवडे लागले असते. हे गणित करून पाहिल्यावर नमुन्याचा आकार का कमी केला, हे तिला कोणालाही समजावून सांगता आले.

दुसरा हिशेब दिवसांचा. गाळप हंगाम कोणत्या तारखेला सुरू होणार हे राज्याची मंत्री समिती दरवर्षी ठरवते आणि त्यानुसार गाड्या निघण्याचे दिवस मागेपुढे होतात. म्हणून पहिली फेरी १० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या ३१ दिवसांत बसवली. आईवडील संध्याकाळीच भेटतात, तेव्हा दिवसाला दोनच मुलाखती शक्य आहेत. ३६ मुलाखतींना १८ दिवस लागतात आणि १३ दिवस हाती राहतात. पाऊस, लग्नकार्य, मयत, आजारपण यांसाठी एवढे अंतर हवेच. दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये, परंतु हजेरीपट पाहण्याचे काम एप्रिलमध्येच उरकायचे, कारण मे महिन्यात शाळेला सुटी लागते आणि मुख्याध्यापक भेटत नाहीत. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी पहिल्या फेरीच्या आधी, म्हणजे जुलैपर्यंत हाती यायला हवी. सप्टेंबरची फेरी चुकली तर पूर्ण एक वर्ष जाते, ही गोष्ट पानावर स्पष्ट लिहावी असे मी तिला सांगितले. ती लिहिल्याने आराखडा कमकुवत दिसेल अशी तिला भीती वाटत होती. ज्याने क्षेत्र पाहिले आहे त्यालाच अशी तारीख सांगता येते, आणि समितीतील अनुभवी सदस्य तिच्याकडे तसेच पाहतात.

प्रवेशाचा प्रश्नही व्यवहार्यतेतच येतो. मुकादमाच्या ओळखीने कुटुंबांपर्यंत जाणे सर्वांत सोपे असते, पण त्याच्याच ओळखीने आलेल्या माणसासमोर उचलीविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. तिने शाळा आणि आशा कार्यकर्ती यांच्यामार्फत जायचे ठरवले. मुलांशी बोलायचे असेल तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही स्वतःची तयारी विचारावी लागते आणि नकार देण्याची मोकळीक ठेवावी लागते. यासाठी पानावर एक वाक्य पुरते, पण ते वाक्य नसेल तर नैतिकतेचा प्रश्न बैठकीत येतोच.

अंतिम पानातील पद्धती आणि व्यवहार्यता यांचा भाग असा होता:

> बीड जिल्ह्यातील धारूर आणि वडवणी तालुक्यांतील, हंगामी वसतिगृह चालू असलेली चार गावे निवडली जातील. शाळांमधील गेल्या हंगामाच्या वसतिगृह याद्या आणि हजेरीपट यांवरून सर्व मुले गावी ठेवलेली, सर्व मुले सोबत नेलेली आणि काही मुले ठेवून काही नेलेली अशा प्रत्येक प्रकारची १२, एकूण ३६ कुटुंबे हेतुपूर्वक निवडली जातील. प्रत्येक कुटुंबाची मुलाखत निघण्यापूर्वी आणि परतल्यावर घेतली जाईल. आई आणि वडील यांच्याशी शक्य तेथे स्वतंत्रपणे आणि मूल ज्यांच्याकडे राहते त्या आजी-आजोबांशी वेगळे बोलले जाईल. सांगितलेला निर्णय आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांची पडताळणी हजेरीपटावरून होईल. या निवडीवरून जिल्ह्यातील प्रमाण सांगता येणार नाही. निर्णयाची प्रक्रिया सांगता येईल.
>
> पहिली फेरी १० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, दुसरी एप्रिल-मे. ७२ मुलाखती, सुमारे ५४ तासांचे ध्वनिमुद्रण, लेखनासाठी १८ आठवडे. शाळेतील नोंदींसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी जुलैपर्यंत घेतली जाईल. पहिली फेरी हुकल्यास काम पुढील हंगामावर जाईल. त्यासाठी एक हंगाम राखीव आहे. मुलांशी संवाद पालकांच्या आणि मुलाच्या संमतीनेच होईल.

‘या निवडीवरून जिल्ह्यातील प्रमाण सांगता येणार नाही’ हे वाक्य गाळू नये. काय सांगता येणार नाही हे आपणच लिहिले की ‘३६ कुटुंबांवरून निष्कर्ष कसा काढणार’ या प्रश्नाचे उत्तर आधीच दिले जाते.

काही विद्यापीठांच्या नमुन्यात गृहीतकांचा रकाना सक्तीचा असतो. अशा गुणात्मक अभ्यासात ओढूनताणून शून्य गृहीतक लिहू नये. त्यामुळे पद्धतीशी पुन्हा विसंगती निर्माण होते. रकाना रिकामा ठेवता येत नसेल तर त्यात एक अपेक्षा लिहावी: धाकटे भावंड सांभाळण्याजोगी थोरली मुलगी असेल तर ती सोबत नेली जाण्याची शक्यता अधिक असेल. हे क्षेत्रात खोटे ठरू शकते, म्हणून ते लिहिण्याजोगे आहे.

पान पाठवण्यापूर्वी एक तांत्रिक गोष्ट पाहावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले पान दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरे बिघडतात आणि युनिकोडमधलेही फाँट बदलला की दुसऱ्या पानावर सरकते. युनिकोडमध्ये टंकून पीडीएफ करूनच पाठवावे.

तिचे पान तिसऱ्या बैठकीत स्वीकारले गेले, पण एका सदस्याने विचारले की दुसऱ्या फेरीपर्यंत काही कुटुंबे परतलीच नाहीत किंवा बोलायला तयार झाली नाहीत तर काय. तिने जागेवरच सांगितले की प्रत्येक गटात १० कुटुंबे दोन्ही फेऱ्यांत मिळाली तरी तुलना करता येईल आणि गळालेल्या कुटुंबांची पहिली मुलाखत स्वतंत्रपणे वापरता येईल. समितीने हे वाक्य पानावर घ्यायला सांगितले. पार्श्वभूमीतले एक वाक्य काढून तिने ते पद्धतीच्या शेवटी घातले.